नमुना: कलिंगड, कापलेले

शेजारी डॉक्टर राहायला आला की लोक त्याला जीभ दाखवतात. तपासनीसबाईंना लोक कलिंगड दाखवत. खरंखुरं नव्हे, फोटोतलं. ऊन तापायला लागलं की बाईंच्या फोनवर लालभडक फोटोंची रांग लागायची. मामेसासरे, शाळेतली मैत्रीण, मैत्रिणीची जाऊ, जावेच्या इमारतीचा रखवालदार, सगळ्यांचा प्रश्न एकच: "बघा ना, इंजेक्शन मारलंय ना हे?"

बाई शहराच्या अन्न तपासणी प्रयोगशाळेत सव्वीस वर्षं नोकरी करत होत्या. खाण्याच्या वस्तूत कुणी चोरून रंग घातला असला तर तो शोधायचा, हे त्यांचं काम. सरबतात त्यांना रंग सापडला होता, गोळ्यांत सापडला होता, एकदा वाढदिवसाच्या केकवरच्या गुलाबी क्रीममध्ये असा काही सापडला होता की बेकरीवाल्याने त्यांच्या समोरच कपाळाला हात लावला. कलिंगडात मात्र तो कधी सापडला नव्हता. दर उन्हाळ्यात तक्रारी येत, कलिंगडं येत, तपासली जात आणि रंगाविना परत जात. म्हणून फोटो पाठवणाऱ्या प्रत्येकाला बाई एकच उत्तर देत, "फोटोवरून सांगता येत नाही." हे उत्तर त्यांनी इतक्या वेळा दिलं होतं की सासरची मंडळी त्यांच्यामागे त्यांना 'सांगता-येत-नाही-बाई' म्हणत. त्यांच्या पुढ्यातही म्हणत, फक्त जरा हळू.

बाई स्वभावाने कडक, आणि सगळ्यात जास्त कडक स्वतःशीच. माणसाला आधी सांगितलं की यात रंग आहे, तर त्याला तो दिसतोच, हे त्यांचं ठाम मत. त्यामुळे त्यांनी प्रयोगशाळेत एक नियम करून घेतला होता. आलेला नमुना आधी मागच्या खोलीतल्या वजनकाकांकडे जायचा. काका वजन करणार, कुटणार, आम्लाच्या पाण्यात भिजवून गाळणार आणि नुसता आकडा घातलेला चंचुपात्रातला अर्क बाईंच्या टेबलावर ठेवणार. तो कशाचा, कुणाचा, कुठला, हे बाईंना सांगायचं नाही. सांगितलं तर बाई बोलणं टाकत. काकांनी एकदा नुसतं "आज वास छान येतोय" म्हटलं, तर बाईंनी तो नमुना दुसऱ्यांदा तयार करायला लावला होता.

या वर्षी पहिला दगड घरातूनच आला. नणंदेने फोटो पाठवला. अर्धं कापलेलं कलिंगड, पेटलेल्या शेगडीसारखं लाल, मध्ये तीन टोकांची भेग आणि इकडेतिकडे पांढरे धागे. प्रत्येक धाग्यावर नणंदेने पिवळा बाण काढला होता. एकूण अकरा बाण.

"वहिनी, बघितलंस का? सुईच्या वाटा आहेत या. स्पष्ट दिसतायत."

"फोटोवरून सांगता येत नाही," बाई म्हणाल्या. मग नणंद म्हणून थोडं जास्त बोलल्या, "पण ते धागे आहेत ना, ते फळाच्या शिरा आहेत. पाणी वाहून नेणाऱ्या. आणि ती भेग म्हणजे फळ वाढताना आतला गर मागे पडला आणि साल पुढे पळाली. कलिंगड आतून तीन भागांचं असतं, म्हणून भेगही तीन टोकांची पडते. सुईने कुणी इतकी सुबक नक्षी काढत नाही."

"मग इतकं लाल कसं?"

"तुझ्या नव्या फोनमध्ये खाण्याचे फोटो काढायचं वेगळं बटण आहे ना? ते चालू होतं का?"

"म्हणजे मी खोटं बोलतेय?" नणंद म्हणाली.

"अगं, फोन खोटं बोलतोय."

"चाळीस मिनिटं दुकानात उभी राहून घेतलाय मी तो फोन," नणंद म्हणाली आणि फोन ठेवला. बाईंना वाटलं, विषय मिटला. नणंदेला मात्र तोंडात मारल्यासारखं झालं होतं. तिने फोटो साऱ्या शहराला पाठवला, खाली बाजाराच्या कोपऱ्यावरच्या कलिंगडवाल्याचा पत्ता लिहिला, आणि तेवढ्यावर भागलं नाही म्हणून अन्न खात्याच्या निरीक्षकांकडे रीतसर तक्रार केली. चार दिवसांत कोपऱ्यावरच्या गाळ्यासमोर लोक थांबेनासे झाले. थांबले तरी फक्त फोटो काढायला.

निरीक्षक हा माणूस वाईट नव्हता. त्याला नियमपुस्तक तोंडपाठ होतं, हाच काय तो दोष. तो तक्रारदार बाईंकडे नमुना घ्यायला गेला आणि म्हणाला, "ते कलिंगड द्या."

"ते खाल्लं," नणंद म्हणाली.

"विषारी होतं ना?"

"मग काय टाकून द्यायचं? सगळ्यांनी खाल्लं. सालं म्हशीला दिली."

आता गाळ्यावरून दुसरं कलिंगड उचलावं, तर नियम सांगतो की तक्रार ज्या वस्तूबद्दल आहे तीच वस्तू तपासावी. ती वस्तू आता सात माणसांच्या आणि एका म्हशीच्या पोटात होती. उरला होता फोटो. निरीक्षकाने रात्रभर नव्हे, पण जेवणाच्या सुट्टीभर विचार केला आणि फोटो हाच नमुना धरला. नियम म्हणतो, नमुना किमान एक किलो हवा. एका फोटोचं वजन ते किती? मग निरीक्षकाने कार्यालयाच्या छपाईयंत्रावर चकचकीत कागदावर त्या फोटोच्या प्रती काढल्या, काट्यावर एक किलो भरेपर्यंत. यंत्राची शाई दोनदा संपली. नियम म्हणतो, नमुन्याचे चार समान भाग करा. त्याने गठ्ठे केले. नियम म्हणतो, बरणीत भरून लाख लावून मोहोर करा. त्याने केली. चिठ्ठीवर लिहिलं, 'नमुना: कलिंगड, कापलेले (छायाचित्र)'. लाखेचा भलामोठा थेंब नेमका कंसावर पडला.

चारांतली एक बरणी वजनकाकांकडे आली. चिठ्ठीवर कलिंगड लिहिलंय आणि आत कागद आहेत, हे काकांना दिसलं नाही असं नाही. पण काकांना नोकरीत एक गोष्ट पक्की कळली होती, की बाईंना काहीही सांगायचं नसतं. त्यांनी कागद कापले, भिजवले, कुटले. खलबत्ता दोनदा घसरला. आम्लाच्या पाण्यात तो लगदा ढवळून, गाळून, त्यांनी एकेचाळीस आकडा घातला आणि बाईंच्या टेबलावर ठेवला.

अर्क सुंदर लाल होता. बाईंनी त्यात पांढऱ्या लोकरीचा धागा सोडला आणि उकळी आणली. ही त्यांची आवडती परीक्षा. फळाचा लाल रंग पाण्यात नीट विरघळतच नाही, लोकरीला तो धरत नाही, धुतला की धागा पुन्हा पांढरा. कारखान्यातला रंग मात्र लोकर सोडत नाही. बाईंनी धागा नळाखाली धरला. धुतला. पुन्हा धुतला. धागा लालच राहिला. त्यांनी तो अमोनियाच्या पाण्यात उकळून रंग उतरवला, पाणी पुन्हा आंबट केलं, नवा कोरा धागा सोडला. तोही लाल झाला.

"काका," बाईंनी हाक मारली. त्यांचा आवाज बदलला होता. "फक्त एवढंच सांगा, फळ आहे का?"

नियम बाईंनीच मोडला म्हटल्यावर काका गडबडले. "चिठ्ठीवर कलिंगड लिहिलंय," ते म्हणाले. हे शब्दशः खरं होतं.

बाई खुर्चीत बसल्या. सव्वीस वर्षं! सव्वीस वर्षं त्या लोकांना वेड्यात काढत आल्या होत्या. नणंदेचे अकरा बाण त्यांच्या डोळ्यांपुढे नाचायला लागले. किती जणांना हसलो आपण, किती जणांना झटकून टाकलं, आणि कुणी खरंच सुई घेऊन बसलेलं असताना आपण शिरा नि भेगा समजावत बसलो. त्यांना स्वतःची लाज वाटली, अगदी कान तापेपर्यंत. खाण्यात रंग सापडला की प्राथमिक अहवाल त्याच दिवशी दुपारच्या आत द्यायचा, ही कामाची रीत. बाईंनी लिहिलं, 'नमुन्यात कृत्रिम रंग आढळला', खाली सही केली आणि शिपायाच्या हाती कागद दिला.

कोणता रंग ते कळायला वेळ लागतो. त्यासाठी अर्काचा थेंब शोषक कागदाच्या पट्टीवर ठेवायचा, पट्टीचं टोक द्रवात बुडवायचं, आणि द्रव वर चढताना वेगवेगळे रंग वेगवेगळ्या उंचीवर नेऊन सोडतो ते बघत बसायचं. बाई जेवल्या नाहीत. दोन वाजता पट्टीवर गुलाबी ठिपका दिसला. त्यांच्या ओळखीच्या कुठल्याच लाल रंगाशी तो जुळेना. मग पिवळा दिसला. बरं, असेल. आणि मग, सावकाश, निळा.

बाई पट्टीकडे बघत राहिल्या. माणूस लबाड असतो, हावरा असतो, सगळं मान्य. पण कलिंगड लाल करायला त्यात निळा रंग घालणारा माणूस अजून जन्माला यायचा होता.

त्या उठून मागच्या खोलीत गेल्या. "काका, उरलेला नमुना दाखवा."

"बाई, तुमचाच नियम..."

"काका!"

काकांनी बरणी पुढे केली. तळाशी चार-पाच न कापलेले कागद होते. बाईंनी एक बाहेर काढला. लाल गर, तीन टोकांची भेग, आणि नणंदेचे अकरा पिवळे बाण.

त्यांच्या पायाखालची जमीन सरकली. कुठल्याही छापील चित्रात असतात तशा या छपाईच्या शाया होत्या. गुलाबी, पिवळी, निळी. "तुम्ही हे कुटलंत?"

"कुटायला जडच गेलं," काका प्रामाणिकपणे म्हणाले. "मला वाटलं, नवीन पद्धत असेल."

बाई पांढऱ्या कोटातच निघाल्या. हातात पट्टी, दुसऱ्या हातात तो फोटो. बाजाराचा कोपरा प्रयोगशाळेपासून दहा मिनिटांवर, त्या सहा मिनिटांत पोचल्या. गाळ्यासमोर माणसांचं कोंडाळं होतं. निरीक्षक कडी-कुलूप घेऊन उभा होता आणि कलिंगडवाला, साठीकडे झुकलेला, बारीक अंगाचा माणूस, कलिंगडांच्या ढिगाला पाठ लावून उभा होता, जणू कलिंगडंच त्याला धरून होती. त्याचा परवाना निरीक्षकाच्या हातात होता. हा गाळा एकदा बंद झाला की पुन्हा मिळत नाही, रांगेत दुसरी माणसं उभी असतात, हे तिथे सगळ्यांना ठाऊक होतं.

"थांबा!" बाई धापा टाकत म्हणाल्या. "तो नमुना कलिंगड नव्हता. फोटो होता."

"हो," निरीक्षक शांतपणे म्हणाला. "मीच दिला."

"त्यात जो रंग सापडला तो छपाईच्या शाईचा आहे!"

"म्हणजे अहवाल चुकीचा?"

"अहवाल बरोबर आहे. नमुन्यात रंग आहे. नमुना चुकीचा आहे."

"नमुना चुकीचा कसा? एक किलो भरलाय. चार भाग केलेत. मोहोर आहे."

"अहो, कागदाचं कलिंगड होतं ते!"

"तक्रार त्याच कलिंगडाबद्दल आहे," निरीक्षक म्हणाला. गर्दीतून कुणी तरी म्हणालं, बरोबर बोलतायत साहेब. आणखी कुणी म्हणालं, लॅबवाल्या बाईंनीच सही केलीय, आता आतून मिटवतायत. बाईंच्या अंगाचा तिळपापड झाला, पण त्यांना ठाऊक होतं की कागदावरची सही त्यांचीच आहे.

त्यांनी ढिगातलं एक कलिंगड उचललं, फळीवर ठेवलं आणि कलिंगडवाल्याचा सुरा मागून घेतला. सालीवरून बोट फिरवलं. "भोक असतं तर इथे चिकट पाणी आलं असतं आणि दोन दिवसांत फळ आतून नासलं असतं," त्या म्हणाल्या. मग कापलं. आत तशीच तीन टोकांची भेग निघाली. कोंडाळ्यातून "बघा, बघा" झालं आणि दहा-बारा फोन वर आले.

"खाली करा ते फोन आणि डोळ्यांनी बघा," बाई ओरडल्या. "हे पांढरे धागे फळाच्या शिरा. आत लाल पाणी सोडलं असतं तर आधी याच लाल झाल्या असत्या. ही सालीजवळची पांढरी कड, तिच्यात लाल उतरला असता. या कोवळ्या पांढऱ्या बिया, त्या लाल झाल्या असत्या. आणि भरलेल्या फळात सुईने पाणी ढकलून बघा एकदा, निम्मं तोंडावर उडेल. ढकललंच तरी ते सुईजवळ डाग होऊन बसतं, असं सगळीकडे सारखं पसरत नाही."

"मग कापसाने पुसलं की कापूस लाल का होतो?" एकाने विचारलं.

"रसाने होतो. टोमॅटो पुसा, तोही करेल."

"म्हणजे कुणीच कधी रंग घालत नाही म्हणता?"

इथे बाई अडल्या. हो म्हटलं असतं तर सगळे हसत घरी गेले असते. पण खोटं त्यांच्या तोंडून निघेना. "कुणी कुठे वेडेपणा करणारच नाही, असं मी कशी सांगू? मी एवढंच सांगते की फोटोवरून सांगता येत नाही. रंग आहे हेही नाही आणि नाही हेही नाही. शंका असली तर फळ आणा. फळ!"

निरीक्षकाने पिशवीतून एक छापील कागद काढला. अहवाल मागे घ्यायचा असला तर हा भरावा लागतो. कागदावरही वर 'नमुना क्रमांक सात' असंच छापलेलं होतं, आणि बाईंना क्षणभर वाटलं की या जगात नमुने सोडून काही उरलेलंच नाही. अहवाल मागे घेण्याचं कारण म्हणून तिथे तीन पर्याय होते: उपकरणात बिघाड, सदोष नमुना, तपासनीसाची चूक.

निरीक्षक पुढे वाकून हळू आवाजात म्हणाला, "उपकरण लिहा, बाई. उपकरणाला कुणी विचारत नाही. तुमचा आजवर एकही अहवाल परत आलेला नाही. कशाला डाग?"

सदोष नमुना लिहिलं असतं तर दोष निरीक्षकाच्या माथी बसला असता, हे त्यालाही कळत होतं आणि बाईंनाही. आणि ते खरंही होतं. पण बाईंना काकांचा चेहरा आठवला. तो माणूस कागद हातात धरून बाईंच्या दाराशी आला असता, जर बाईंनी दार उघडं ठेवलं असतं तर. न बघण्याचा त्यांना इतका अभिमान होता की बरणीत काय आहे हेही त्यांनी बघितलं नव्हतं. बाईंनी तिसऱ्या पर्यायावर खूण केली. खाली लिहिलं, 'सही करण्यापूर्वी नमुना डोळ्यांनी पाहिला नाही'. मग सही केली. त्यांना वाईट वाटत होतं आणि ते त्यांनी लपवलं नाही.

निरीक्षकाने कागद तपासला, सही ताडली, आणि परवाना कलिंगडवाल्याच्या हातात परत दिला. कुलूप पिशवीत गेलं. गर्दीला आता बघण्यासारखं काही उरलं नाही, ती पांगली. जाताना एकानेही कलिंगड घेतलं नाही.

बाई फळीवर हात टेकून उभ्या होत्या. "उद्या येतील लोक," त्या म्हणाल्या. म्हणायचं म्हणून म्हणाल्या.

कलिंगडवाल्याने परवाना घडी करून खिशात ठेवला. इकडेतिकडे बघितलं. गाळ्याच्या मागे पोत्यावर त्याची नात बसली होती, पाच-सहा वर्षांची, खडूने फरशीवर रेघोट्या ओढत.

"ताई, एक विचारू?" तो म्हणाला. "रागावणार नाही ना?"

"विचारा."

"यात खरंच काही नाही ना?"

बाईंना वाटलं, ऐकण्यात चूक झाली. "तुम्ही विचारताय?"

"मी पिकवत नाही ना, ताई. गाडीतून उतरवतो, टिचकी मारतो, विकतो. आत काय आहे मला तरी कुठे माहीत? आधी मी हसलो. मग रोज रोज तोच फोटो बघितला. आणि आज तुमचा कागदही आला, मोठ्या ऑफिसचा, सहीचा." त्याने मान खाली घातली. "चार दिवस झाले, तिला मी एक फोड दिलेली नाही. लोकांना घ्या घ्या म्हणतोय आणि माझ्या पोरीला नको म्हणतोय. ती रोज मागते. मी सांगतो, संपली."

त्याच्या पाठीमागे माणसाच्या उंचीएवढा कलिंगडांचा ढीग होता. बाईंच्या डोळ्यांत पाणी आलं. परवाना परत मिळवून देता आला, पण हे काय करून ठेवलं होतं त्या अकरा बाणांनी आणि एका सहीने. याच्यासाठी कुठल्याच नमुन्याचा कागद नव्हता.

त्यांनी कापलेलं कलिंगड उजेडाकडे वळवलं. पांढरी कड बघितली. बिया नखाने उचकटून बघितल्या. साल सगळीकडून चाचपली. मग मधली लाल फोड कापली आणि स्वतः खाल्ली, सावकाश, चावून. दुसरी फोड कापून त्यांनी त्याच्यापुढे धरली.

"हे फोटोत नाही, माझ्या हातात आहे," त्या म्हणाल्या. "मी बघितलंय. द्या तिला."

त्याने फोड घेतली, पण लगेच दिली नाही. आधी स्वतः एक घास घेतला. मग पोत्याजवळ जाऊन खाली बसला.

नातीने फोडीकडे बघितलं, मग आजोबांकडे. "संपली होती ना?" ती म्हणाली.

"आली परत," आजोबा म्हणाले, आणि तिच्यासाठी बिया काढायला लागले.